भारत सरकत नाही, फिरतो: पुण्याचा वेग एका गुणाकारातून कसा निघतो

हिमालयात कुठे मोठा भूकंप झाला की दुसऱ्या दिवशीच्या बातमीत एक वाक्य हमखास येते: भारतीय भूपट्ट दरवर्षी सुमारे पाच सेंटिमीटर ईशान्येकडे सरकतो आहे. वाक्य चुकीचे नाही, पण ते अपुरे आहे. ते वाचून असे वाटते की एखादा पाट जमिनीवरून ढकलावा तसा सारा देश एकाच वेगाने एकाच दिशेला ढकलला जात आहे. प्रत्यक्षात कन्याकुमारीचा वेग वर्षाला ५५.६ मिलिमीटर, पुण्याचा ५२.२ आणि दिल्लीचा ४९.८ मिलिमीटर आहे. तिन्ही गावे एकाच भूपट्टावर आहेत आणि त्यांच्यातली अंतरे तर बदलत नाहीत. मग हे वेग वेगळे कसे, आणि वेगळे असूनही देश ताणला किंवा चेपला कसा जात नाही?

या प्रश्नाचे उत्तर बारावीच्या भौतिकशास्त्रात असते, पण तिथे ते पंखा, चाक आणि भोवरा यांच्या उदाहरणांत अडकून पडते. ते असे: फिरणाऱ्या दृढ वस्तूवरील कोणत्याही बिंदूचा वेग म्हणजे तिचा कोनीय वेग आणि त्या बिंदूचा स्थानसदिश यांचा सदिश गुणाकार.

v = ω × r

या पाच चिन्हांतून पुण्याचा वेग आकड्यांनिशी काढणे, एवढेच या लेखाचे काम आहे.

आधी जाते पाहू

जात्याची वरची तळी फिरत असताना खुंट्याजवळचा दाणा सावकाश फिरतो आणि कडेजवळचा दाणा भरभर फिरतो. एका फेरीला दोघांनाही सारखाच वेळ लागतो, मात्र कडेच्या दाण्याला त्याच वेळात मोठे वर्तुळ पूर्ण करायचे असते. म्हणजे दाण्यांचे वेग वेगवेगळे असले तरी फिरण्याचा दर संपूर्ण तळीसाठी एकच असतो. या दराला कोनीय वेग म्हणतात आणि तो ω या अक्षराने लिहितात. तो रेडियनमध्ये मोजतात. त्रिज्येएवढ्याच लांबीच्या कंसासमोर जो कोन होतो तो एक रेडियन, म्हणजे सुमारे ५७.३ अंश. रेडियन वापरण्याचे कारण सोपे आहे: दराला अंतराने गुणले की थेट वेग मिळतो, मध्ये दुसरा कोणताही गुणक लागत नाही.

तळी सर्व बाजूंनी अखंड राहते, तिच्यातल्या कोणत्याही दोन बिंदूंमधले अंतर बदलत नाही, म्हणून ती दृढ वस्तू. जात्यात पीठ पडत असते, पण पीठ दृढ नाही; त्याला हे सूत्र लागू होत नाही. हा फरक पुढे हिमालयाशी पोहोचल्यावर कामाला येईल.

जात्याच्या बाबतीत वेग म्हणजे ω गुणिले खुंट्यापासूनचे अंतर, एवढे पुरते, कारण सगळे दाणे एकाच सपाट पृष्ठावर आहेत. पृथ्वी सपाट नाही. तिथे ‘अंतर’ कोणते धरायचे आणि वेगाची दिशा कोणती, हे दोन प्रश्न एकदम उभे राहतात, आणि सदिश गुणाकार त्या दोहोंची उत्तरे एकदम देतो.

गोलावर सरकणे म्हणजे फिरणेच

एका संत्र्याची साल शक्य तितक्या मोठ्या तुकड्यात काढावी आणि ती पुन्हा फळावर बसवून फळाला चिकटलेली ठेवत हळूच सरकवावी. ती कशीही सरकवली तरी, आधीची जागा आणि नंतरची जागा यांची तुलना केल्यास, फळाच्या मध्यातून आरपार जाणारी एक तरी अशी सुई सापडते की जिच्याभोवती साल नुसती फिरवल्यानेही तीच नवी जागा मिळाली असती. एक बिंदू स्थिर ठेवून दृढ वस्तू कशीही हलवली तरी तिचे एकूण स्थलांतर कोणत्या तरी एका अक्षाभोवतीचे परिवलन असते, हे लिओनार्ड ऑयलर या गणितज्ञाने अठराव्या शतकात सिद्ध केले. आपल्या बाबतीत स्थिर बिंदू म्हणजे पृथ्वीचा मध्य.

भूशास्त्रज्ञांनी हे प्रमेय हाती घेतले ते १९६० च्या दशकात. १९६७ मध्ये डॅन मॅकेंझी आणि रॉबर्ट पार्कर यांनी, व १९६८ मध्ये जेसन मॉर्गन यांनी, भूपट्टांच्या हालचाली गोलावरील परिवलने म्हणून मांडल्या. त्यानंतर ‘हा भूपट्ट कुठे चालला आहे’ या प्रश्नाची जागा ‘तो कोणत्या अक्षाभोवती, किती वेगाने फिरतो आहे’ या प्रश्नाने घेतली. माझ्या मते भूपट्टांच्या संपूर्ण सिद्धांतातला हा सर्वांत कमी सांगितला जाणारा आणि सर्वांत उपयोगाचा भाग आहे, कारण यामुळे लाखो चौरस किलोमीटरच्या भूभागाची गती केवळ तीन आकड्यांत मावते.

हे तीन आकडे उपग्रहांच्या साहाय्याने मिळतात. बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था आणि हैदराबादची राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्था यांच्या आवारांत जीपीएसचे स्थायी संग्राहक आहेत. अशा स्थानकांची जागा वर्षानुवर्षे मिलिमीटरच्या पातळीवर नोंदली जाते. सर्व जगासाठी ठरवलेल्या आयटीआरएफ या संदर्भचौकटीच्या २०१४ च्या आवृत्तीनुसार भारतीय भूपट्ट दर दहा लाख वर्षांत ०.५१६ अंश फिरतो. म्हणजे वर्षाला सुमारे ९ अब्जांश रेडियन.

आणि अक्ष? पृथ्वीच्या मध्यातून निघालेली ही काल्पनिक सुई सुमारे ५१.६ अंश उत्तर अक्षांश आणि जवळजवळ शून्य रेखांश इथे पृष्ठभागाबाहेर येते. नकाशावर बोट ठेवले तर ते लंडनवर पडते. यात इतिहासाचा कोणताही हात नाही, आणि मोजमापातील अनिश्चितता लक्षात घेता ती जागा लंडनच्या आसपास आहे एवढेच म्हणणे बरोबर ठरेल; पण एकदा ऐकले की हा योगायोग विसरता येत नाही.

अक्ष भारतात नाही, मग भारत त्याच्याभोवती कसा फिरेल?

ही शंका रास्त आहे. पंख्याचा दांडा पंख्याच्या मधोमध असतो, त्यामुळे अक्ष वस्तूच्या आतच असला पाहिजे असे आपल्याला वाटते. पण माजघरातला झोपाळा आठवा. बसायची पाटी खाली असते आणि ती ज्याभोवती फिरते त्या कड्या वर तुळईला असतात. पाटीचा एकही बिंदू अक्षावर नसतो, तरीही पाटी कड्यांभोवतीच फिरते. भारतीय भूपट्ट ही अशीच लंडनपासून लांब टांगलेली पाटी आहे, फक्त तिची वाट गोलाच्या पृष्ठावरून जाते. इथे एक सावधानता हवी: लंडनच्या जमिनीचा भारताशी काहीही यांत्रिक संबंध नाही. ती जागा केवळ भूमितीने ठरलेली आहे, आणि अक्षाचे दुसरे टोक न्यूझीलंडच्या आग्नेयेला भर समुद्रात बाहेर पडते, तेही तितकेच खरे अक्षाचे टोक आहे.

बाण कशासाठी

आता कोनीय वेग नुसती संख्या न राहता सदिश होतो. सदिश म्हणजे जिला परिमाण आणि दिशा दोन्ही आहेत अशी राशी; ती बाणाने दाखवतात. ω च्या बाणाची लांबी म्हणजे फिरण्याचा दर आणि त्याची दिशा म्हणजे अक्षाची दिशा. अक्षाला दोन टोके असतात, त्यांपैकी कोणते निवडायचे हे उजव्या हाताने ठरवतात: बोटे फिरण्याच्या दिशेने वळवावीत, अंगठा ज्या बाजूला येईल ती बाणाची दिशा. भारताच्या बाबतीत अंगठा पृथ्वीच्या मध्यातून लंडनकडे येतो. लंडनच्या बऱ्याच वर उभे राहून खाली पाहिले तर भारत घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरताना दिसेल.

दुसरा बाण r, म्हणजे स्थानसदिश. तो पृथ्वीच्या मध्यापासून पुण्यापर्यंत जातो आणि त्याची लांबी ६३७१ किलोमीटर आहे. (पृथ्वी किंचित चपटी आहे, पण इथे तिला गोल मानल्याने मिलिमीटरचा काही अंशच इकडेतिकडे होतो.)

हे दोन बाण मिळाले की v = ω × r चा अर्थ सांगता येतो. वेगाचे परिमाण म्हणजे ω ची लांबी, r ची लांबी आणि दोघांमधल्या कोनाचे साइन यांचा गुणाकार. वेगाची दिशा दोन्ही बाणांना काटकोनात असते आणि पुन्हा उजव्या हातानेच ठरते: बोटे ω कडून r कडे वळवली की अंगठा v दाखवतो.

साइन का येते, हे पाहण्यासारखे आहे. पुणे पृथ्वीच्या मध्याभोवती फिरत नाही, ते अक्षाभोवती फिरते. त्याच्या वर्तुळाची त्रिज्या म्हणजे अक्षापासूनचे लंब अंतर. ती ६३७१ किलोमीटरपेक्षा कमी असणार. लंडनचा अक्ष आणि पुण्याचा स्थानसदिश यांच्यात ६५.६ अंशांचा कोन आहे आणि त्याचे साइन ०.९११ येते. ६३७१ गुणिले ०.९११ म्हणजे ५८०४ किलोमीटर, हीच पुण्याच्या वर्तुळाची त्रिज्या. साइन म्हणजे जात्याच्या उदाहरणातले ‘खुंट्यापासूनचे अंतर’ आपोआप मोजून देणारी सोय आहे. ९ अब्जांश रेडियनला या अंतराने गुणले की वर्षाला ५२.२ मिलिमीटर मिळतात.

याच कारणामुळे r ची सुरुवात पृथ्वीच्या मध्यापासूनच करावी लागते असे नाही. अक्षावरच्या कोणत्याही बिंदूपासून बाण काढला तरी अक्षाच्या दिशेने वाढलेला भाग सदिश गुणाकारात शून्य होतो आणि उत्तर तेच राहते. अट एकच, बाण अक्षावरून निघाला पाहिजे.

पुण्याचा हिशेब

परिमाण मिळाले, दिशा अजून उरली आहे. त्यासाठी बाणांचे घटक मांडू. x अक्ष पृथ्वीच्या मध्यातून शून्य रेखांश आणि विषुववृत्त यांच्या छेदाकडे, y अक्ष विषुववृत्तावरच ९० अंश पूर्वेकडे, आणि z अक्ष उत्तर ध्रुवाकडे जातो.

लंडन शून्य रेखांशावर असल्याने ω चा y घटक जवळजवळ शून्य आहे. उरलेले दोन घटक वर्षाला अब्जांश रेडियनमध्ये असे:

ω = (५.६०, ०, ७.०५)

पुण्याचे अक्षांश १८.५३ आणि रेखांश ७३.८५ धरले तर स्थानसदिश किलोमीटरमध्ये असा येतो:

r = (१६८०, ५८०२, २०२५)

सदिश गुणाकाराचे घटक काढण्याची रीत ठरलेली आहे. प्रत्येक घटकात उरलेल्या दोन अक्षांच्या घटकांचा आडवातिडवा गुणाकार करून वजाबाकी करायची:

v_x = ω_y z − ω_z y
v_y = ω_z x − ω_x z
v_z = ω_x y − ω_y x

अब्जांश रेडियनला किलोमीटरने गुणले की मिलिमीटरचा हजारावा भाग मिळतो, म्हणून प्रत्येक उत्तराला १००० ने भागायचे. पहिला घटक ० − ७.०५ × ५८०२, म्हणजे −४०.९ मिलिमीटर. दुसरा ७.०५ × १६८० − ५.६० × २०२५, म्हणजे ११८४४ वजा ११३४०, अर्थात फक्त ०.५ मिलिमीटर. तिसरा ५.६० × ५८०२ − ०, म्हणजे ३२.५ मिलिमीटर.

v = (−४०.९, ०.५, ३२.५) मिलिमीटर, वर्षाला

या तिन्हींच्या वर्गांच्या बेरजेचे वर्गमूळ पुन्हा ५२.२ येते. हे तीन घटक पृथ्वीच्या मध्याच्या दृष्टीने आहेत. पुण्यात उभ्या असलेल्या माणसाच्या दृष्टीने ते वळवून घेतले तर पूर्वेकडे सुमारे ३९.४ आणि उत्तरेकडे ३४.३ मिलिमीटर होतात. वर किंवा खाली काहीच नाही. म्हणून दिशा ईशान्य, उत्तरेपेक्षा किंचित पूर्वेकडे झुकलेली.

उत्तर बरोबर आहे की नाही, हे पुस्तकाच्या मागचे पान न पाहताही तपासता येते. वेग दोन्ही बाणांना काटकोनात असला पाहिजे, आणि काटकोन असल्यास सारख्या घटकांच्या गुणाकारांची बेरीज शून्य येते. r शी तपासू: −४०.९ × १६८० अधिक ०.५ × ५८०२ अधिक ३२.५ × २०२५ म्हणजे −६८७१२ + २९०१ + ६५८१३, उत्तर २. एवढ्या मोठ्या आकड्यांत दोन म्हणजे शून्यच. ω शी तपासले तर −२२९.० + ० + २२९.१, तेही शून्यच. पहिल्या तपासणीचा अर्थ पुणे आकाशात उडत नाही वा जमिनीत बुडत नाही. दुसरीचा अर्थ ते अक्षाच्या दिशेने घसरत नाही.

चुका होतात त्या ठरावीक. ω × r ऐवजी r × ω केले तर सगळी चिन्हे उलटतात आणि भारत नैर्ऋत्येकडे, आफ्रिकेच्या रोखाने निघतो. साध्या संख्यांच्या गुणाकाराची सवय असलेल्यांना हा क्रम क्षुल्लक वाटतो, पण सदिश गुणाकारात तो क्षुल्लक नाही. दर अंशांतच ठेवून गुणले तर उत्तर ५७ पट फुगते आणि पुणे वर्षाला तीन मीटर पळू लागते. या दोन्ही चुका काटकोनाच्या तपासणीत पकडल्या जात नाहीत, म्हणून दिशा आणि आकार यांचा अंदाज आधीच मनात असलेला बरा.

कन्याकुमारी वेगाने आणि दिल्ली सावकाश, तरी देश ताणला का जात नाही?

आता सुरुवातीचा प्रश्न. कन्याकुमारीचा वेग दिल्लीपेक्षा जवळजवळ सहा मिलिमीटरने जास्त आहे. कन्याकुमारी मागून वेगाने येते आहे आणि दिल्ली पुढे सावकाश चालली आहे, तर मधला भाग चेपायला हवा, असे कोणालाही वाटेल.

वेगांचे घटक पाहिले की गाठ सुटते. दिल्लीचा वेग उत्तरेकडे ३४.८ आणि पूर्वेकडे ३५.७ मिलिमीटर आहे. कन्याकुमारीचा उत्तरेकडे ३४.८ आणि पूर्वेकडे ४३.४ मिलिमीटर आहे. दोन्ही ठिकाणे जवळजवळ एकाच, ७७ अंशांच्या, रेखांशावर आहेत, म्हणजे त्यांना जोडणारी रेषा दक्षिणोत्तर आहे. आणि त्या रेषेच्या दिशेने दोघांचा वेग तंतोतंत सारखा आहे. फरक आहे तो केवळ आडवा, पूर्वेकडचा. दोन माणसे एक लांब बांबू दोन टोकांना धरून चालत असावीत, दोघेही बांबूच्या दिशेने सारखेच पुढे जात असावेत, पण मागच्याने थोडा जास्त उजवीकडे पाय टाकावा, तर बांबू तुटत नाही, तो वळतो. भारतही वळतो आहे: दक्षिणेचे टोक उत्तरेच्या टोकापेक्षा पूर्वेकडे अधिक जात असल्याने नकाशावर तो घड्याळाच्या उलट दिशेने फिरताना दिसेल.

दृढतेची खरी कसोटी हीच आहे. कोणत्याही दोन बिंदूंच्या वेगांचे त्यांना जोडणाऱ्या रेषेवरचे घटक सारखे असलेच पाहिजेत. तसे नसतील तर ते अंतर बदलते आहे आणि वस्तू दृढ नाही. v = ω × r मधून काढलेले वेग ही कसोटी नेहमीच उत्तीर्ण होतात, कारण त्या सूत्रात दृढतेखेरीज काही नाहीच. म्हणूनच जीपीएसने मोजलेला वेग आणि सूत्रातून आलेला वेग यांची वजाबाकी करतात. जिथे बाकी शून्याजवळ येते तिथे भूपट्ट दृढ आहे. जिथे ती मोठी येते तिथे जमीन चेपली, ताणली वा कातरली जात आहे.

भूपट्ट दृढ असेल तर किल्लारी का झाली?

महाराष्ट्रातल्या वाचकाला ही शंका आल्यावाचून राहणार नाही. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप आणि ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंप, दोन्ही भूपट्टाच्या कडेपासून शेकडो किलोमीटर आत झाले. दृढ या शब्दाचा अर्थ इथे ‘मोजमापाच्या पातळीपर्यंत न बदलणारा’ एवढाच घ्यायचा असतो. भूपट्टाच्या अंतर्भागातले वेग सूत्राशी साधारण मिलिमीटरच्या आसपास जुळतात, पण काही दशकांत दिसूच नये इतकी सावकाश विरूपता त्याच्या आत राहू शकते. शिवाय दृढ वस्तूत ताण नसतो असे नाही. जड पेटी टेकवलेल्या टेबलाचे पाय हलत नाहीत, पण ते भार वाहत असतात; जुन्या भेगेशी एखादा पाय कधीतरी मोडू शकतो. सूत्र वेगांविषयी बोलते, ताणांविषयी नाही, त्यामुळे त्यातून भूकंपाचे भाकीत निघत नाही.

पाच सेंटिमीटर नेमके कोणाच्या तुलनेत?

बातमीतल्या वाक्यात आणखी एक गोष्ट राहून जाते. आतापर्यंतचे वेग संपूर्ण पृथ्वीच्या संदर्भचौकटीत आहेत. पण हिमालयाला फरक पडतो तो भारत आणि युरेशिया यांच्या परस्पर वेगाने, आणि युरेशियाही स्थिर नाही. त्याचा कोनीय वेग, त्याच एककांत, (−०.४१, −२.५७, ३.७३) आहे.

इथे बाणाची सोय पुन्हा कामाला येते. युरेशियाच्या तुलनेत भारताचा कोनीय वेग हवा असेल तर घटकाघटकाने वजाबाकी करायची: (६.०१, २.५७, ३.३२). नवा बाण, नवा अक्ष; आणि हा अक्ष लंडनला नाही, लिबियाच्या पूर्वेकडील वाळवंटात बाहेर येतो. वेगवेगळ्या अभ्यासांत तो काही अंशांनी इकडेतिकडे असतो, कारण दोन जवळच्या मोजमापांच्या वजाबाकीत छोट्या चुका मोठ्या होऊन दिसतात. काठमांडूच्या रेखांशावर, हिमालयाच्या पायथ्याशी, या बाणाचा सदिश गुणाकार घेतला तर वर्षाला सुमारे ३८ मिलिमीटर मिळतात. पाच सेंटिमीटर नव्हे, चारपेक्षाही थोडे कमी.

इथे जाणकार वाचक एक आक्षेप घेईल: परिवलने बाणांसारखी बेरीज-वजाबाकी होत नाहीत. तो बरोबर आहे. एक पुस्तक आधी पुढच्या बाजूला आणि मग उजव्या बाजूला नव्वद अंशांत वळवावे. मग हाच क्रम उलटा करून पाहावे. पुस्तकाची शेवटची अवस्था वेगळी येते. पण नव्वदऐवजी एक-एक अंश वळवले तर क्रम बदलल्याने पडणारा फरक एका अंशाच्या सुमारे साठाव्या भागाएवढाच राहतो, आणि कोन जितका लहान तितका हा फरक त्याच्या तुलनेत आणखी झपाट्याने लहान होतो. कोनीय वेग हा क्षणार्धातल्या, कल्पनेपेक्षाही लहान वळणाचा दर असल्याने त्याच्यासाठी क्रमाचा प्रश्नच उरत नाही. पूर्ण झालेल्या वळणाला मात्र तो उरतो. कोट्यवधी वर्षांपूर्वी भारत कुठे होता हे काढताना बाणांची सरळ बेरीज चालत नाही, वळणे क्रमाने एकामागून एक घ्यावी लागतात. शिवाय तोवर ω सुद्धा बदललेला असतो. सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वीच्या टकरीच्या आधी भारत आजच्या कितीतरी पट वेगाने येत होता.

३८ मिलिमीटरांपैकी सुमारे १८ ते २० मिलिमीटर नेपाळच्या हिमालयातच शोषले जातात, उरलेले तिबेट आणि त्यापलीकडच्या प्रदेशात वाटले जातात. म्हणजे या पट्ट्यात सूत्राचे उत्तर आणि जीपीएसचे उत्तर जुळत नाही, आणि ते जुळत नाही हीच माहिती असते. जात्यातले पीठ इथे आहे. वरवर काही दशके जमीन अडकून राहते, चेपत जाते, आणि २५ एप्रिल २०१५ सारख्या एखाद्या दुपारी काठमांडूचे खोरे मिनिटभरात दक्षिणेकडे सुमारे दीड ते दोन मीटर सरकते. त्या एका मिनिटासाठी कोणत्याही ω चा काही उपयोग नसतो.

आपल्या सातबाऱ्याचे काय?

भूपट्ट फिरतो तर जमिनीच्या हद्दी हलतात का, असा प्रश्न उपग्रहाधारित मोजणी आल्यापासून पडू लागला आहे. आयटीआरएफच्या २०१४ च्या आवृत्तीत स्थाने २०१० या वर्षासाठी दिलेली असतात आणि सोबत वेग दिलेला असतो. २०१० मध्ये पुण्यातल्या एका दगडाचे या चौकटीतले निर्देशांक नोंदवले आणि २०२५ मध्ये त्याच दगडाचे पुन्हा मोजले, तर १५ वर्षांत त्यांत ७८ सेंटिमीटरचा फरक दिसेल, आणि मोजणीदार कोणीही चुकलेला नसेल. त्यामुळे निर्देशांकांबरोबर ते कोणत्या काळाचे आहेत हे लिहिलेले नसेल, तर सेंटिमीटरच्या मोजणीला अर्थ उरत नाही.

शेजाऱ्याच्या बांधाशी मात्र याचा संबंध नाही. पुण्यात एकमेकांपासून एक किलोमीटरवर असलेल्या दोन दगडांना v = ω × r लावून दोन्ही वेगांची वजाबाकी केली, तर वर्षाला मिलिमीटरच्या जास्तीत जास्त नऊ सहस्रांशांएवढा फरक येतो, आणि तोही दोघांमधल्या अंतराचा नसून केवळ त्यांना जोडणाऱ्या रेषेच्या दिशेचा असतो.